‘विंडोज टेन प्रो’ एवढ्यावर भागत का नाही: बिल्ड नंबर कुठे बघायचा आणि सपोर्टवाला तो का मागतो

प्रश्न: आमचं फोंड्याला छोटं ऑफिस आहे. एका कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय, बाकीचे दोन त्याच्यावरूनच प्रिंट काढतात. परवापासून एका मशीनवरून प्रिंट जात नाही. सपोर्टवाल्याला फोन केला तर तो आधी विंडोजचं व्हर्जन आणि बिल्ड नंबर विचारतो. ‘विंडोज टेन प्रो’ सांगितलं तर म्हणतो तेवढं पुरत नाही, आणि तिन्ही मशीनचे नंबर द्या म्हणतो. हे नेमकं कुठे बघायचं? आणि बंद पडलंय एक मशीन, तर तिन्हींचे नंबर त्याला कशाला हवेत?

उत्तर: आधी नंबर काढू, कारण त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. कीबोर्डवर खाली डावीकडे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते दाबून धरा आणि `R` दाबा. एक छोटी चौकट उघडेल, तिच्यात हे टाइप करून एंटर मारा:

```
winver
```

जी खिडकी येईल तिच्यात वरच्या बाजूला अशी ओळ दिसेल:

```
Version 22H2 (OS Build 19045.5011)
```

त्याच खिडकीत खाली मजकुरात `Windows 10 Pro` किंवा `Windows 10 Home Single Language` असं आवृत्तीचं नावही असतं. या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा आणि सपोर्टवाल्याला पाठवा. वाचून सांगण्यापेक्षा फोटो बरा, त्याचं कारण पुढे येईलच.

आता या ओळीत काय काय आहे ते बघू. `22H2` म्हणजे २०२२ सालच्या दुसऱ्या सहामाहीतली विंडोज. `19045` हा मुख्य बिल्ड. तो क्वचित बदलतो, विंडोजची नवी मोठी आवृत्ती बसली तरच. टिंबानंतरचा `5011` मात्र जवळजवळ दर महिन्याला वाढतो. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत विंडोजचं मासिक अपडेट निघतं, आपल्याकडे ते मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पोचतं, आणि ते बसलं की हा शेवटचा आकडा पुढे सरकतो. `5011` म्हणजे ऑक्टोबर २०२४. प्रत्येक अपडेटबरोबर त्याचा आकडा, तारीख, त्यात काय बदललं आणि त्याच्यामुळे कुठे काय अडतं याची अधिकृत नोंद प्रसिद्ध होते. सपोर्टवाला तुमचा आकडा त्या यादीत शोधतो. ‘विंडोज टेन प्रो’ हे नाव २०१५ पासून तेच आहे, त्यामुळे त्यावरून त्याला काहीच शोधता येत नाही. टिंबानंतरच्या आकड्यावरून मात्र तुमचं मशीन कुठल्या महिन्यात उभं आहे ते त्याला कळतं.

तिन्ही मशीनचे नंबर का, हे मला एका प्रसंगातून सांगायचं आहे, कारण तुमचा घोटाळा त्याच जातीचा वाटतो.

सप्टेंबर २०२१. चवथीची सुट्टी संपवून म्हापशातलं एक हिशेबनिसाचं ऑफिस उघडलं होतं. महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीची विवरणपत्रं भरायची होती, त्यामुळे कागद सारखे छापले जात होते. रचना तुमच्यासारखीच: बाहेरच्या टेबलावरच्या मशीनला यूएसबीने प्रिंटर जोडलेला, तो शेअर केलेला, आणि आतल्या खोलीतलं मशीन त्याच्यावर छापायचं. शुक्रवारी सकाळी आतल्या मशीनवरून छपाई बंद. प्रिंटर काढून पुन्हा जोडायला गेलं की ही चौकट यायची:

```
Windows cannot connect to the printer.
Operation failed with error 0x0000011b
```

मला फोन येईपर्यंत तिथल्या मुलाने ड्रायव्हर तीनदा काढून घातला होता, नेटवर्कची केबल बदलली होती आणि प्रिंटर दुरुस्तीला न्यायचं ठरत होतं. दोन्ही मशीनवर काय आहे असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘दोन्हीवर विंडोज टेन प्रो, ६४ बिट, एकदम सेम.’ मी दोन्हींवर `winver` चालवायला सांगितलं. प्रिंटर असलेल्या मशीनवर दिसलं:

```
Version 21H1 (OS Build 19043.1237)
```

आणि आतल्या मशीनवर:

```
Version 20H2 (OS Build 19042.630)
```

मुलाचं लक्ष लगेच `21H1` आणि `20H2` या फरकाकडे गेलं. दोष तिथेच आहे, आतल्या मशीनवर विंडोज नवी टाकू या, असं तो म्हणाला. त्याची चूक समजण्यासारखी आहे, पण ती चूकच. त्या काळातले `19041`, `19042`, `19043` आणि पुढचे `19044`, `19045` हे बिल्ड एकाच गाभ्यावर उभे आहेत. पुढच्या क्रमांकावर जाताना बहुतेक फक्त आधीच आत येऊन पडलेल्या काही सोयी चालू होतात. मासिक अपडेटही त्यांचं सामायिक असतं, आणि म्हणून एका महिन्यात `19041.1237`, `19042.1237`, `19043.1237` असा शेवटचा आकडा तिन्हींवर सारखाच येतो. तेव्हा इथे टिंबाच्या आधीचा फरक सोडून द्यायचा आणि नंतरचा बघायचा: एकीकडे `1237`, दुसरीकडे `630`.

त्यावर मुलगा म्हणाला, ‘पण सर, पॉइंट सहाशेतीस मोठं ना? पॉइंट बारापेक्षा?’ हा प्रश्न मला त्यानंतरही कितीतरी जणांनी विचारला आहे, म्हणून नीट सांगतो. हे टिंब दशांशचिन्ह नाही. ते फक्त दोन पूर्णांकांच्या मधली भिंत आहे. गणितात ०.६३० हे ०.१२३७ पेक्षा मोठं. इथे मात्र सहाशेतीस आणि एक हजार दोनशे सदतीस असं वाचायचं, आणि बाराशे सदतीस नवं. घराचा पत्ता लिहिताना वॉर्ड आणि घर नंबर यांच्यामध्ये आडवी रेघ मारतो, तसं हे टिंब.

`630` म्हणजे नोव्हेंबर २०२० चं अपडेट, `1237` म्हणजे १४ सप्टेंबर २०२१ चं. एकाच ऑफिसातल्या दोन मशीनमध्ये दहा महिन्यांचं अंतर पडलं होतं, आणि नेमक्या त्या दहा महिन्यांत विंडोजची शेअर केलेल्या प्रिंटरशी बोलण्याची रीत बदलली होती. एक मशीन दुसऱ्याला छापायचं काम पाठवतं तेव्हा त्या दोघांमधल्या संवादात सुरक्षेचं एक भोक सापडलं होतं. ते दोन टप्प्यांत बुजवलं गेलं. जानेवारी २०२१ च्या अपडेटने (त्या बिल्डवर शेवटचा आकडा `746`) मशीनना अधिक कडेकोट, कूटबद्ध पद्धतीने बोलायला शिकवलं, पण तसंच बोललं पाहिजे अशी सक्ती केली नाही. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने ती सक्ती चालू केली. म्हणजे प्रिंटर धरून बसलेल्या मशीनवर `1237` आलं की जुन्या पद्धतीने बोलणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवतं. ६३० हा ७४६ पेक्षा लहान. आतल्या मशीनला नवी रीत कधी मिळालीच नव्हती.

आता तुमच्या सपोर्टवाल्याची मागणी बघा. म्हापशात आतल्या एकट्या मशीनचा नंबर मला सांगितला असता तर एवढंच कळलं असतं, की ते मागे पडलंय. पण ते नोव्हेंबरपासून तसंच होतं आणि दहा महिने छापत होतं. बाहेरच्या एकट्या मशीनचा नंबर सांगितला असता तर ते अगदी ताजं, निर्दोष दिसलं असतं. बिघाड कुठल्याच एका मशीनमध्ये नव्हता, तो दोन आकड्यांच्या अंतरात होता. आणि ‘काल चालत होतं, आज नाही, मी काहीच केलं नाही’ हे आतल्या खोलीतल्या बाईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. त्यांच्या मशीनवर खरोखरच काही बदललं नव्हतं.

त्या आठवड्यात अनेकांनी यावर दोन सोपे उपाय केले. काहींनी प्रिंटरच्या मशीनवरून सप्टेंबरचं अपडेट काढून टाकलं, काहींनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालून ती सक्ती बंद केली. दोन्हींनी छपाई सुरू होते, आणि दोन्हींनी ते भोक पुन्हा उघडं पडतं. आकडे हातात असल्यामुळे आम्हाला त्या वाटेला जावं लागलं नाही. मागे पडलेलं मशीन पुढे आणायचं होतं, बस्स.

ते मागे का पडलं होतं, हेही बघावं लागतंच, नाहीतर महिन्याभराने तेच. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटचा इतिहास उघडला तर डिसेंबरपासून प्रत्येक ओळीपुढे `Failed to install`. सी ड्राइव्हवर मोकळी जागा दोन जीबी उरली होती. ग्राहकांचे स्कॅन केलेले कागद वर्षभर डेस्कटॉपवर साठवले जात होते, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. ते डी ड्राइव्हवर हलवले, अपडेट सुरू केलं, आणि संध्याकाळी फोन आला की झालं सगळं, मशीन बंद करून चालूही केलं, तरी छपाई नाही.

मी पुन्हा नंबर विचारला. `19042.630`. म्हणजे अपडेट उतरलं होतं, पण बसलं नव्हतं. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असेल तर गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्यांदा सुरू करताना तोच परत उचलला जातो. अपडेट पुरं व्हायला ‘रीस्टार्ट’ लागतो, किंवा बंद करताना मेनूत `Update and shut down` दिसत असेल तर तो पर्याय. त्यांनी नुसतं `Shut down` निवडलं होतं. रीस्टार्ट केलं, वीसेक मिनिटं टक्केवारी सरकत राहिली, आणि मग `winver` ने दाखवलं `19042.1237`. त्यानंतर प्रिंटर पुन्हा जोडला तर चालू. तोवर मुख्य आवृत्ती `20H2` च होती, तिला कोणी हात लावला नव्हता.

म्हणून सपोर्टवाला दुरुस्तीनंतरही पुन्हा नंबर विचारतो, तेव्हा वैतागू नका. ‘अपडेट केलं’ हे माणसाचं म्हणणं असतं. नंबर बदलला की नाही, ते मशीनचं म्हणणं.

आता फोनवर नंबर सांगण्याबद्दल. मी वर फोटो पाठवा म्हटलं, कारण आपल्याकडे आकडे तोंडी सांगताना हमखास गोंधळ होतो. कोणी ‘एकोणीस हजार त्रेचाळीस पॉइंट बाराशे सदतीस’ म्हणतं, ऐकणारा त्रेचाळीसचे त्रेसष्ट लिहितो. कोणी एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांत अडकतं. फोटो शक्य नसेल तर एकेक अंक इंग्रजीत सुटा सांगा आणि टिंब आलं की ‘डॉट’ म्हणून थांबा: वन, नाइन, झीरो, फोर, थ्री, डॉट. समोरच्याला परत वाचून दाखवायला सांगा. एका अंकाची चूक म्हणजे दुसराच महिना.

नंबर दाखवणाऱ्या जागा आणखी आहेत, पण त्यांतल्या काही अर्धवट दाखवतात. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट, तिथे खाली `OS build` पुढे पूर्ण नंबर असतो. तो चालेल. फक्त त्याच्यावरची `Installed on` ही तारीख शेवटच्या अपडेटची समजू नका. ती विंडोजची ती मोठी आवृत्ती बसली तेव्हाची असते. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, `ver` टाइप केलं तर आताच्या विंडोज १० वर `10.0.19045.5011` असा पूर्ण नंबर येतो. पण `systeminfo` या आज्ञेवर विसंबू नका. ती भरपूर माहिती देते आणि नेमका शेवटचा आकडा गाळते, `10.0.19045` एवढ्यावरच थांबते. म्हापशाच्या त्या मशीनवर तिने नुसतं `19042` आणि `19043` दाखवलं असतं आणि आम्ही त्या मुलाच्याच वाटेने गेलो असतो.

दुसरी एक जागा फसवते. विंडोज ११ सुद्धा स्वतःला आतून `10.0` च म्हणवते, आणि रजिस्ट्रीत `ProductName` या नोंदीत विंडोज ११ च्या मशीनवरही `Windows 10 Pro` असं लिहिलेलं सापडतं. काही जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर तीच नोंद वाचून ‘विंडोज १०’ छापतात. अशा वेळी मुख्य बिल्ड बघा: `22000` किंवा त्याहून मोठा असेल तर ती विंडोज ११, लहान असेल तर १०. स्क्रीनवर कुठे काय नाव लिहिलंय त्याच्या नादी लागू नका.

आणि मशीन सुरूच होत नसेल, निळ्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर अडकलं असेल, तर तिथल्या काळ्या खिडकीत `ver` दिल्यावर येणारा नंबर हा दुरुस्तीच्या छोट्या विंडोजचा असतो, तुमच्या नेहमीच्या विंडोजचा नव्हे. दोन्ही वेगळे असू शकतात. तो सांगायला हरकत नाही, पण ‘हा निळ्या स्क्रीनवरून घेतलाय’ एवढं बरोबर सांगा.

आवृत्तीचं नावही सपोर्टवाला विचारतो, कारण `Home` आणि `Pro` यांच्यात हत्यारं वेगळी आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर बऱ्याचदा `Home Single Language` येते. तिच्यात ग्रुप पॉलिसीची `gpedit.msc` ही खिडकीच नसते. सपोर्टवाला तुम्हाला ती उघडायला सांगत बसला तर दोघांचाही वेळ जाईल.

आता तुमच्या तीन मशीनकडे. तुमच्याकडे विंडोज १० आहे, म्हणजे एक गोष्ट जास्तीची आहे. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर ज्या मशीनची वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे त्यांचा शेवटचा आकडा पुढे सरकत राहतो, न केलेल्यांचा तिथेच थांबतो. तिन्हींवर `19045` दिसेल आणि तिन्ही सारखी वाटतील, पण एखाद्याची शेपटी कित्येक महिने मागे असू शकते. तिघांपैकी कोणाची नोंदणी केली होती हे आठवत नसलं तरी आकडा सांगेल.

तर असं करा. तिन्हींवर `winver` चालवा आणि तीन फोटो काढा. प्रत्येक फोटोत मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवा: ‘प्रिंटर याला जोडलाय’, ‘यावरून छापता येतं’, ‘यावरून छापता येत नाही’. एररची चौकट येत असेल तर तिचाही फोटो घ्या, त्यातला `0x` ने सुरू होणारा कोड पूर्ण दिसला पाहिजे. हे करण्याआधी ड्रायव्हर काढू नका आणि कुठलंही अपडेट उतरवू नका, कारण मग आजच्या बिघाडाच्या वेळी कोण कुठे उभं होतं ते परत कळणार नाही. फोटोंमध्ये टिंबानंतरचे तिन्ही आकडे सारखे निघाले तर माझा अंदाज चुकला, दोष केबलमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा शेअरिंगच्या परवानगीत शोधावा लागेल. न छापणाऱ्याचा आकडा प्रिंटरवाल्यापेक्षा वेगळा निघाला तर मागे असलेल्या मशीनच्या अपडेटच्या इतिहासाचा आणि सी ड्राइव्हच्या मोकळ्या जागेचा फोटोही त्यातच जोडून पाठवा. त्याचा पुढचा प्रश्न तोच असणार आहे.